इन्सिडेंटमध्ये दोन मेट्रिक एकत्र चढले: एकामुळे दुसरे, की दोन्हींचे कारण तिसरेच?

अर्धविराम (धागाकर्ता)

आमच्या ऑर्डर नोंदवणाऱ्या सेवेत नुकताच एक इन्सिडेंट झाला. त्याचा अहवाल लिहिताना एका वाक्यापाशी मी थांबलो आहे. ते वाक्य असे: "डेटाबेसचा सीपीयू वाढल्यामुळे ऑर्डरची लेटन्सी वाढली." हे वाक्य सिद्ध करता येते का, हाच माझा प्रश्न आहे.

परिस्थिती अशी आहे. सेवेचे ६ इन्स्टन्स आहेत आणि सगळ्यांमागे ८ कोरचा एकच पोस्टग्रेस डेटाबेस आहे. एरवी सेकंदाला साधारण १२० ऑर्डर येतात, म्हणजे प्रत्येक इन्स्टन्सवर २०. त्या वेळी पी९९ लेटन्सी सुमारे ४०० मिलिसेकंद असते आणि डेटाबेसचा सीपीयू ३५ टक्क्यांच्या आसपास राहतो. त्या दिवशी १४:०७ ला सीपीयू चढू लागला व ८८ टक्क्यांवर जाऊन स्थिरावला. १४:०८ ला पी९९ साडेपाच सेकंदांवर पोहोचली. आम्ही १४:४१ ला डेटाबेस १६ कोरचा केला, त्यानंतर सीपीयू उतरला, लेटन्सीही उतरली आणि इन्सिडेंट बंद झाला. १४:४१ पर्यंतच्या तासाभराचा दोन्ही मालिकांचा सहसंबंध काढला तर तो ०.९४ येतो.

सीपीयू एक मिनिट आधी चढला, सहसंबंध इतका मोठा आहे आणि सीपीयूवर उपाय केल्यावर लेटन्सी सुधारली, या तीन गोष्टींवर माझे सहकारी समाधानी आहेत. मला मात्र खात्री वाटत नाही, कारण सीपीयू ८८ टक्के असताना लेटन्सी दहा पटींहून अधिक का वाढावी, हे मला समजत नाही.

घंटानाद

आमच्याकडेही हा त्रास होता. दोन्ही मेट्रिकवर वेगवेगळे अलर्ट असल्याने एकाच इन्सिडेंटसाठी दोनदा फोन वाजत असे. आम्ही एकत्र चढणाऱ्या मेट्रिकचे गट केले आणि एका गटाला एकच अलर्ट ठेवला. आपण सहसंबंध आधीच काढला आहे, त्यामुळे हे सहज करता येईल.

अर्धविराम

सूचनेबद्दल आभार, पण माझा प्रश्न अलर्टच्या संख्येचा नाही. एक अलर्ट आला काय किंवा दोन आले काय, अहवालात कारण म्हणून काय लिहायचे आणि पुढच्या वेळी कशावर उपाय करायचा, हे मला ठरवायचे आहे.

तर्कसंगत

आपण एकूण ट्रॅफिक पाहिले आहे का? माझ्या अनुभवात अशा दोन मेट्रिकमागे बहुधा तिसरे कारण असते आणि ते कारण म्हणजे ट्रॅफिक. विनंत्या वाढल्या की डेटाबेसला अधिक काम पडते आणि त्याच वेळी सेवेतील रांगाही लांबतात, म्हणून सीपीयू व लेटन्सी एकत्र चढतात. त्यांचा एकमेकांशी थेट संबंध असण्याची गरजच नसते. लोड बॅलन्सरवरील विनंत्यांचा आकडा येथे द्यावा.

अर्धविराम

पाहिला. सेकंदाला १२० वरून तो ३०० च्या वर गेला होता आणि तोही १४:०७ पासूनच. म्हणजे आपले म्हणणे बरोबर दिसते. ट्रॅफिक अडीच पट झाले आणि दोन्ही मेट्रिक त्यामुळे चढले, असे लिहू का?

जुना_पहारेकरी

कृपया इतक्यात लिहू नये. ट्रॅफिक हे सामायिक कारण असू शकते हा विचार योग्य आहे, पण ते बाहेरून आलेले ट्रॅफिक आहे की आपल्याच सेवेच्या संथपणामुळे निर्माण झालेले, हे पाहिल्याशिवाय त्याला कारण म्हणता येत नाही. आपले क्लायंट अयशस्वी विनंती पुन्हा पाठवत असतील, तर विनंत्यांचा आकडा हा लेटन्सीचा परिणाम असू शकतो. लोड बॅलन्सरला पहिला प्रयत्न आणि तिसरा प्रयत्न सारखेच दिसतात. दुबार नोंद टाळण्यासाठी ऑर्डरच्या विनंतीसोबत आपण एखादी किल्ली पाठवत असाल, तर दर मिनिटाला किती वेगवेगळ्या किल्ल्या आल्या ते मोजावे.

त्याआधी आपल्या तीन पुराव्यांकडे वळतो, कारण तिन्हींत अडचण आहे.

सहसंबंध ०.९४ असणे येथे जवळजवळ काहीच सांगत नाही. त्या तासात दोन्ही मालिका एकदा चढल्या आणि वर राहिल्या. आपल्याकडे साठ बिंदू असले तरी घडलेली गोष्ट एकच आहे. त्या वेळी पायरीसारखा चढलेला कोणताही आलेख, अगदी मदत केंद्राकडे आलेल्या तक्रारींचाही, सीपीयूशी असाच सहसंबंध दाखवील.

"सीपीयू एक मिनिट आधी" हा दुसरा पुरावा. बहुतेक डॅशबोर्डवर सीपीयूचा बिंदू म्हणजे एका मिनिटाची सरासरी असते आणि अनेक प्रणाली तिच्यावर त्या मिनिटाच्या आरंभाची वेळ छापतात. १४:०७ चा बिंदू म्हणजे १४:०७:०० ते १४:०७:५९ चे काम. पी९९ चा आलेख बहुधा मागच्या पाच मिनिटांच्या खिडकीवर काढलेला असतो आणि त्याच्या बिंदूवर खिडकीच्या शेवटची वेळ असते. शिवाय लेटन्सीची नोंद विनंती संपल्यावर होते. जी विनंती साडेपाच सेकंद चालली ती साडेपाच सेकंद उशिरा मोजली जाते. तेव्हा १४:०७ विरुद्ध १४:०८ हा फरक शिक्का कुठे मारला याचा असू शकतो.

तिसऱ्या पुराव्याबद्दल आधी एक विचारतो. १४:४१ नंतर दोन्ही मेट्रिक नेमके कोणत्या मिनिटाला उतरले?

रात्रपाळी

माझे एक प्रकरण येथे उपयोगी पडेल असे वाटते. आमच्या एका सर्व्हरवर रोज रात्री ठरावीक वेळी डिस्कची लेटन्सी आणि सीपीयू एकत्र वाढत असत. डिस्कसाठी ताटकळल्याने सीपीयू वाढतो, असे आमच्या गटात सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्या वेळी बॅकअप चालत असे. तो डिस्कवरून वाचत असे आणि वाचलेले दाबून लहान करत असे. पहिल्या कामाने डिस्कची लेटन्सी वाढे, दुसऱ्याने सीपीयू.

बॅकअप अर्धा तास पुढे ढकलला तेव्हा दोन्ही आलेख अर्धा तास सरकले. त्यातून बॅकअपशी संबंध कळला, पण डिस्कमुळे सीपीयू वाढतो की नाही ते कळले नाही. म्हणून एका रात्री बॅकअप तसाच ठेवून त्याची फाइल दाबणे बंद केले. सीपीयू सपाट राहिला आणि डिस्कची लेटन्सी तशीच वाढली. डिस्कमुळे सीपीयू वाढत असता तर तो त्या रात्रीही वाढायला हवा होता. सामायिक कारण असल्यास त्याचा एक फाटा तोडून पाहावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

अर्धविराम

जुना_पहारेकरी, आपण विचारलेले आकडे काढले आणि मला ते अपेक्षित नव्हते.

सीपीयू १४:४१ च्या बदलानंतर लगेच ४४ टक्क्यांवर आला. मधली चाळीस सेकंद कनेक्शन तुटल्याने त्रुटी आल्या, त्या मी सोडून दिल्या आहेत. पी९९ मात्र १४:५८ पर्यंत साडेपाच सेकंदांवरच होती. इन्सिडेंटच्या गडबडीत आम्ही "थोड्या वेळाने उतरली" असे म्हटले होते, पण तो थोडा वेळ सतरा मिनिटांचा निघाला. शिवाय सीपीयूही दोनदा उतरला आहे: १४:४१ ला ८८ वरून ४४ वर आणि १४:५३ ला ४४ वरून १८ वर.

ऑर्डरसोबत किल्ली जाते. वेगवेगळ्या किल्ल्यांची संख्या संपूर्ण काळात मिनिटाला ७,२०० च्या आसपास, म्हणजे नेहमीइतकीच होती. ऑर्डरच्या एकूण विनंत्या मात्र मिनिटाला १८,००० च्या वर गेल्या होत्या. आमचे क्लायंट अपयश आल्यास आणखी दोनदा प्रयत्न करतात.

तर्कसंगत

मग माझे म्हणणे अर्धेच खरे ठरले. ट्रॅफिक वाढले हे बरोबर, पण ग्राहक वाढले नव्हते. तेच ग्राहक पुन्हा पुन्हा दार ठोठावत होते. तरीही एक शंका राहते. सीपीयू कमी झाल्यानंतर साचलेल्या विनंत्या निपटायला सतरा मिनिटे लागली असतील, तर सीपीयू हे कारण असण्याला बाध येत नाही.

जुना_पहारेकरी

शंका रास्त आहे. तिचे उत्तर टाइमआउटमध्ये आहे. अर्धविराम, कनेक्शन पूलमधून कनेक्शन मिळण्यासाठी विनंती किती वेळ थांबते? ती तीन किंवा पाच सेकंद थांबून अयशस्वी होत असेल, तर तेवढ्या सेकंदांहून जुने काम रांगेत असूच शकत नाही. क्लायंटचे आणखी दोन प्रयत्न धरले तरी साचलेले काम अर्ध्या मिनिटात संपते किंवा टाकून दिले जाते. सतरा मिनिटांच्या विलंबाचे स्पष्टीकरण द्यायचे तर सतरा मिनिटे काहीतरी धरून ठेवणारी वस्तू दाखवावी लागेल.

आता सीपीयूच्या आकड्यांकडे पाहा. ८ कोरचे ८८ टक्के म्हणजे सुमारे ७ कोरचे काम. १६ कोरचे ४४ टक्के म्हणजेही ७ कोरचेच काम. १४:४१ ला डेटाबेसवरील काम कणभरही घटले नाही, फक्त भाजक दुप्पट झाला. आठ कोर अपुरे पडून क्वेऱ्या तुंबल्या असत्या, तर कोर दुप्पट होताच त्या अधिक वेगाने पुढे सरकल्या असत्या, निदान काही मिनिटे केलेले काम ७ कोरच्या वर गेले असते आणि लेटन्सी लगेच पडली असती. यांपैकी काहीही झाले नाही. उलट १४:५३ ला १६ कोरचे १८ टक्के, म्हणजे २.९ कोर, हे आपल्या नेहमीच्या ८ कोरच्या ३५ टक्क्यांइतकेच काम आहे. काम कमी झाले ते तेव्हा.

पी९९ जर पाच मिनिटांच्या खिडकीवर काढलेली असेल, तर तीही प्रत्यक्षात १४:५३ लाच सुधारली असावी. पी९९ चढायला खिडकीतल्या एक टक्का विनंत्या संथ झाल्या की पुरते, म्हणून ती झटकन चढते. उतरताना मात्र शेवटच्या संथ विनंत्या खिडकीबाहेर जाईपर्यंत ती वरच अडकून राहते. १४:५८ मधून पाच मिनिटे वजा करून पाहावी.

आता तीन गोष्टी हव्या आहेत. एक, ऑर्डरच्या विनंतीतले टप्पे आणि प्रत्येकाला लागलेला वेळ. दोन, त्याच डेटाबेसवर चालणाऱ्या पण ऑर्डर न नोंदवणाऱ्या एखाद्या एंडपॉइंटची लेटन्सी. तीन, १४:०७ च्या मिनिटातले सेकंदागणिक लॉग.

अर्धविराम

पी९९ ची खिडकी पाच मिनिटांचीच आहे. पूलची प्रतीक्षा मर्यादा तीन सेकंद आहे.

ऑर्डरचे टप्पे असे. आधी वाचनाच्या पूलमधून साठा व दर तपासणारी एक जड क्वेरी होते. मग लेखनाच्या पूलमधून (प्रत्येक इन्स्टन्सला २० कनेक्शन) ट्रान्झॅक्शन सुरू होते. त्या ट्रान्झॅक्शनच्या आतच पत्ता पडताळणाऱ्या बाहेरच्या सेवेला विचारणा होते आणि शेवटी नोंद पक्की होते. एरवी लेखनाचे कनेक्शन १५० मिलिसेकंद धरले जाते, त्यातले ८० बाहेरच्या सेवेत आणि ७० डेटाबेसमध्ये जातात. इन्सिडेंटमध्ये डेटाबेसचा वाटा ७० वरून ९५ मिलिसेकंद झाला होता. बाहेरच्या सेवेचा वाटा ८० वरून २,५०० झाला होता. हे आकडे समोर असूनही डॅशबोर्डवर त्यांचा आलेख नसल्याने त्या वेळी कुणी पाहिले नाहीत.

ऑर्डरचा इतिहास दाखवणारा एंडपॉइंट त्याच डेटाबेसवरून वाचतो, पण लेखनाचा पूल वापरत नाही. त्याची पी९९ १२० वरून १९० मिलिसेकंद झाली, एवढेच.

सेकंदागणिक लॉगमध्ये, विनंती सुरू झाल्याची वेळ धरून, असे दिसते: बाहेरच्या सेवेच्या संथ विचारणा १४:०७:०८ पासून सुरू झाल्या, १४:०७:०९ ला लेखनाचे पूल भरले, पूलच्या प्रतीक्षेतून पहिल्या विनंत्या १४:०७:१२ ला अयशस्वी झाल्या, आणि साठ्याची क्वेरी, जी सेकंदाला १२० वेळा चालत होती, ती १४:०७:१२ पर्यंत १२० वरच होती व त्यानंतर वाढत जाऊन अर्ध्या मिनिटात ३०० वर गेली.

जुना_पहारेकरी

ही नोंद फार मोलाची आहे, विशेषतः तिच्यातले तीन सेकंद.

एखादी गोष्ट आधी घडली म्हणून ती कारण ठरत नाही, कारण सामायिक कारण एकापर्यंत लवकर आणि दुसऱ्यापर्यंत उशिरा पोहोचले तरी असाच क्रम दिसतो. पण विलंबाची लांबी जेव्हा यंत्रणेतल्या एखाद्या ठरवून दिलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळते, तेव्हा पुराव्याचे वजन बदलते. पूल भरल्यापासून क्वेऱ्यांची संख्या वाढेपर्यंत तीन सेकंद लागले आणि आपली प्रतीक्षा मर्यादाही तीनच सेकंद आहे. संथपणा, टाइमआउट, पुन्हा प्रयत्न, पुन्हा जड क्वेरी आणि मग सीपीयू, अशी ही साखळी असल्यास विलंब नेमका इतकाच यायला हवा. सीपीयूपासून सुरुवात झाली असती तर क्वेऱ्यांची संख्या वाढण्याआधी काहीतरी महाग झालेले दिसले असते.

आता हिशेब करून पाहू. पूलमध्ये किती कनेक्शन वापरात राहतील, हे विनंत्यांचा वेग आणि कनेक्शन धरून ठेवण्याचा वेळ यांच्या गुणाकाराने ठरते. एका इन्स्टन्सवर एरवी सेकंदाला २० गुणिले ०.१५ सेकंद, म्हणजे ३ कनेक्शन. इन्सिडेंटमध्ये धरून ठेवण्याचा वेळ सुमारे २.६ सेकंद, म्हणजे ५२ कनेक्शन हवी होती आणि होती २०. त्यामुळे प्रत्येक इन्स्टन्सवरून सेकंदाला जेमतेम ७.७ ऑर्डर पार पडू शकत होत्या. येथे एक खबरदारी सांगतो: "पूल भरल्यामुळे लेटन्सी वाढली" असे वाक्य अहवालात येण्याचा संभव आहे. वापरातील कनेक्शनची संख्या ही धरून ठेवलेल्या वेळाचेच दुसऱ्या एककातले रूप आहे, म्हणून हे दोन आलेख नेहमीच एकत्र चालतील. पूल भरल्यानंतर प्रतीक्षा सुरू होते, इतके मात्र खरे.

पुन्हा केलेल्या प्रयत्नांचा हिशेबही जमतो. २० पैकी ७.७ पार पडतात आणि प्रत्येक ऑर्डरला तीन प्रयत्न मिळतात, तेव्हा एकूण प्रयत्नांची संख्या सेकंदाला सुमारे ५१ येते. सहा इन्स्टन्सचे मिळून मिनिटाला साडेअठरा हजारांच्या जवळपास. आपण मोजलेला आकडा १८,००० च्या वर आहे.

तर्कसंगत

म्हणजे लेटन्सीमुळे सीपीयू वाढला, बाण उलटा होता. आता एवढे लिहायला हरकत नसावी.

जुना_पहारेकरी

थोडे नेमकेपणाने लिहावे लागेल. लेटन्सी हा एकच आकडा असला तरी त्यात पूलची प्रतीक्षा, बाहेरची सेवा आणि डेटाबेस हे तिघे मिसळलेले आहेत. बाहेरच्या सेवेच्या संथपणामुळे एका बाजूने लेटन्सी वाढली आणि दुसऱ्या बाजूने, टाइमआउट व पुन्हा प्रयत्नांच्या वाटेने, सीपीयू वाढला. त्या अर्थाने कारण सामायिक आहे. पण दुसरी वाट लेटन्सीमधूनच जाते, कारण प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत गेली नसती तर पुन्हा प्रयत्न झालेच नसते. आणि एकदा सीपीयू चढल्यावर त्याने डेटाबेसचा वाटा ७० वरून ९५ मिलिसेकंद केला, म्हणजे लहानसा बाण परतही आला. अडीच सेकंदांच्या शेजारी पंचवीस मिलिसेकंद नगण्य आहेत, पण आपला डेटाबेस आधीच ६० टक्क्यांवर असता तर हाच परतीचा बाण मोठा झाला असता. "कोण कोणाला हलवतो" याचे उत्तर इन्सिडेंटच्या दहाव्या सेकंदाला एक आणि विसाव्या मिनिटाला दुसरे असू शकते.

पुढच्या वेळी इन्सिडेंट चालू असतानाच पाहायचे असल्यास डेटाबेसला हे विचारावे:

```sql
SELECT application_name, state, wait_event_type, count(*)
FROM pg_stat_activity
WHERE backend_type = 'client backend'
GROUP BY 1, 2, 3
ORDER BY 4 DESC;
```

लेखनाची बहुतेक कनेक्शन `idle in transaction` या अवस्थेत दिसली, तर डेटाबेस त्यांच्यासाठी काहीच करत नसून आपल्या सेवेच्या पुढच्या आज्ञेची वाट पाहत आहे, असे समजावे. सीपीयूमुळे अडलेली कनेक्शन `active` दिसली असती आणि त्यांच्यापुढे प्रतीक्षेचे कारण रिकामे असते. हे एका क्षणाचे चित्र असल्याने काही सेकंदांच्या अंतराने पाच-सहा वेळा घ्यावे.

सुकाणू

मी या चर्चेशी मोठ्या प्रमाणात सहमत आहे, पण एक भूमिका मांडतो. हे सर्व नंतर बसून काढता आले. इन्सिडेंटमध्ये ग्राहक अडकलेले असताना कोर वाढवणे हा स्वस्त आणि झटपट उपाय होता आणि त्याने नुकसान झाले नाही. कारण शोधण्यासाठी उपाय रोखून धरावा, असे कोणी म्हणत असल्यास मला ते मान्य नाही.

जुना_पहारेकरी

तसे मी म्हणत नाही. माझा आग्रह एवढाच आहे की उपाय करण्यापूर्वी त्याचे भाकीत लिहून ठेवावे: "सीपीयू हेच कारण असल्यास बदलानंतर एका मिनिटात पूलची प्रतीक्षा शून्यावर येईल." हे वाक्य गटाच्या चॅटमध्ये टाकायला काही सेकंद लागतात. १४:४३ ला प्रतीक्षा तशीच दिसली असती आणि पुढची दहा मिनिटे दुसरीकडे पाहण्यात गेली असती. आपल्या गटाने ती दहा मिनिटे उपायाचा परिणाम होण्याची वाट पाहण्यात घालवली, असे नोंदींवरून वाटते.

शिवाय कोर वाढवताना सर्व कनेक्शन तुटून नव्याने जोडली गेली. म्हणजे एकाच कृतीत दोन बदल झाले. त्यानंतर लेटन्सी लगेच सुधारली असती, तर ती कोरमुळे की नव्या कनेक्शनमुळे, हे सांगता आले नसते. जमल्यास एका इन्स्टन्सवरच बदल करावा आणि उरलेले पाच तुलनेसाठी ठेवावेत. येथे एका इन्स्टन्सवर पत्ता पडताळणी तात्पुरती वगळणे शक्य होते का? तसे केले असते तर त्या एकाच इन्स्टन्सची लेटन्सी उतरली असती आणि सामायिक डेटाबेसचा सीपीयू मात्र सर्वांसाठी जवळपास तसाच राहिला असता. दोन्ही शक्यता त्या एका कृतीने वेगळ्या झाल्या असत्या.

सुकाणू

पडताळणी वगळणे हा व्यवसायाचा निर्णय आहे, तो ड्यूटीवरच्या माणसाने एकट्याने घेऊ नये. त्यापेक्षा एका इन्स्टन्सवर बाहेरच्या सेवेचा टाइमआउट कमी करणे मला सुरक्षित वाटते. भाकीत लिहून ठेवण्याची सूचना मात्र मी आमच्या गटात नेईन.

रात्रपाळी

अर्धविराम, १४:१० ते १४:४० या सपाट भागात दोन्ही मेट्रिकचे बारीक चढउतार एकमेकांशी जुळतात का? आमच्या प्रकरणात सपाट भागातही ते जुळत होते.

अर्धविराम

तेवढ्याच भागाचा सहसंबंध काढला, तो शून्याच्या जवळ आहे.

जुना_पहारेकरी

त्यावर मात्र भर देऊ नये. त्या काळात लेटन्सी वरच्या मर्यादेला टेकलेली होती: तीन सेकंद प्रतीक्षा आणि अडीच सेकंद काम मिळून साडेपाच, त्याहून ती वाढूच शकत नव्हती. जे मेट्रिक टाइमआउटला अडकले आहे त्याचे चढउतार छाटले गेलेले असतात. संबंध असो वा नसो, सहसंबंध शून्याकडेच जाईल.

अर्धविराम

स्टेजिंगवर दोन चाचण्या केल्या. तेथे एकच इन्स्टन्स आहे. त्यावर सेकंदाला २० ऑर्डर सोडल्या.

पहिल्या चाचणीत डेटाबेसला हात न लावता बाहेरच्या सेवेच्या नकली आवृत्तीला अडीच सेकंदांचा उशीर लावला. एका सेकंदात पूल भरला, तीन सेकंदांनी पहिले टाइमआउट आले, साठ्याच्या क्वेऱ्या सेकंदाला २० वरून ५० पर्यंत गेल्या आणि सीपीयू चढला. दुसऱ्या चाचणीत बाहेरची सेवा नेहमीसारखी ठेवून वेगळ्या क्वेऱ्यांनी डेटाबेसचा सीपीयू ९० टक्क्यांवर नेला. ऑर्डरची पी९९ ४०० वरून ६५० मिलिसेकंद झाली, वापरातील कनेक्शन ३ वरून ५ झाली आणि एकही टाइमआउट आला नाही. स्टेजिंगमधील माहिती लहान असल्याने ती सर्व मेमरीत मावते, ही मर्यादा मी अहवालात नोंदवली आहे.

अहवालातील वाक्य आता असे आहे: "पत्ता पडताळणीच्या संथपणामुळे लेखनाची कनेक्शन अडकून ऑर्डरची लेटन्सी वाढली, टाइमआउटनंतरच्या पुन्हा प्रयत्नांमुळे डेटाबेसचा सीपीयू वाढला, सीपीयूचा लेटन्सीवरील परिणाम ऑर्डरमागे सुमारे २५ मिलिसेकंद होता." बाहेरची विचारणा ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढण्याचे काम सुरू झाले आहे.

एक हिशेब मात्र जुळत नाही. नेहमीच्या ३५ टक्क्यांपैकी २५ टक्के साठ्याच्या क्वेरीचे आहेत. ती अडीच पटींहून किंचित जास्त वेळा चालली तर तिचे ६४ टक्के आणि उरलेले १० मिळून ७४ व्हायला हवेत. प्रत्यक्षात ८८ होते. हे १४ टक्के, म्हणजे एका कोरहून थोडे अधिक काम, कुठून आले?

तर्कसंगत

लोकांनी पान पुन्हा उघडले असेल. ऑर्डर अडकली की माणूस कार्टचे पान ताजे करतो. त्या पानावरही साठ्याची क्वेरी चालत असेल, तर ती विनंती किल्लीशिवायची असल्याने आपल्या मोजणीत आली नसणार.

अर्धविराम

कार्टच्या पानावर ती क्वेरी चालते. पण त्या पानाच्या विनंत्यांचे लॉग आम्ही शंभरातून एक या प्रमाणात ठेवतो. त्यांवरून वाढ झालेली दिसते, तरी ती १४ टक्क्यांना पुरते का, हे ठरवण्याइतक्या नोंदी नाहीत.

जुना_पहारेकरी

दुसरीही एक शक्यता आहे. सीपीयू जास्त असताना प्रत्येक क्वेरीला लागणारा सीपीयूचा वेळही थोडा वाढतो, कारण प्रक्रियांची अदलाबदल वाढते आणि प्रोसेसरच्या कॅशेचा लाभ घटतो. `pg_stat_statements` मधील आकडे साचत जाणारे असल्याने इन्सिडेंटच्या आधीची आणि नंतरची अशा दोन नोंदी असत्या, तर वजाबाकी करून `calls` वाढले की प्रत्येक क्वेरीचा वेळ, म्हणजे `total_exec_time` भागिले `calls`, वाढला हे दिसले असते. अर्थात तो वेळ घड्याळाचा असतो, सीपीयूचा नाही, म्हणून त्यावरूनही पूर्ण निवाडा होणार नाही. १४:४१ नंतर कोर दुप्पट होऊनही काम ७ कोरचेच राहिले, यावरून मला स्वतःला कार्टच्या पानाची शक्यता अधिक वाटते. गर्दीमुळे क्वेरी महाग झाली असती तर मोकळ्या कोरवर ते काम थोडे घटायला हवे होते.

अर्धविराम

त्या दोन नोंदी आमच्याकडे नाहीत. आता त्या दर मिनिटाला साठवण्याची व्यवस्था केली आहे आणि क्लायंटकडून प्रयत्नाचा क्रमांकही विनंतीसोबत पाठवायला सुरुवात केली आहे. अहवालात ते १४ टक्के "अस्पष्ट" या शीर्षकाखाली ठेवले आहेत.